अपघाताच्या अहवालात मुद्दे कुठे आणि परिच्छेद कुठे?

"मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात सहा महिन्यांपासून सेफ्टीचं काम बघतोय. अपघाताचा अहवाल लिहिला की मॅनेजर साहेब म्हणतात, एवढं कोण वाचणार, सगळं मुद्द्यांत दे. बाहेरून येणारे ऑडिटर म्हणतात, मुद्द्यांवरून काहीच कळत नाही, नीट लिहून द्या. नेमकं कोणत्या भागात मुद्दे द्यायचे आणि कोणत्या भागात परिच्छेद?"

तुमचे साहेब आणि ऑडिटर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघं अहवालाच्या वेगवेगळ्या भागांबद्दल बोलताहेत. साहेबांना पुढे काय करायचं ते हवंय आणि ऑडिटरला हे का झालं ते हवंय. पहिली गोष्ट मुद्द्यांत नीट बसते. दुसरी मुद्द्यांत घातली की मोडते, आणि मोडलेली आहे हे लिहिणाऱ्यालाही कळत नाही. खरी अडचण तिथे आहे.

मी बावीस वर्षं सोलापुरातल्या प्रोसेस हाउसमध्ये आणि टॉवेलच्या युनिटमध्ये हेच काम केलंय, आधी अक्कलकोट रोडला आणि नंतर चिंचोळीला. सुरुवातीची काही वर्षं मीही सगळा अहवाल मुद्द्यांत लिहायचो. ती सवय ज्या एका अपघातामुळे सुटली तोच इथे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं बहुतेक उत्तर त्यात आहे. कारखान्याचं नाव घेत नाही.

टॉवेल धुऊन-रंगवून आले की हायड्रोमध्ये पिळले जातात, हे तुम्हाला माहीत आहेच. भोकं असलेली मोठी टोपली वेगात फिरते, पाणी बाहेर फेकलं जातं, मग मोटर बंद करायची, ब्रेक लावायचा, टोपली थांबली की झाकण उघडून माल काढायचा. टोपली पूर्ण थांबल्याशिवाय झाकणाचं लॉक सुटत नाही, तशी सोय मशीनला असते. त्या दिवशी दुसऱ्या पाळीत ऑपरेटरने झाकण उघडलं तेव्हा टोपली फिरत होती. वरच्या टॉवेलाचं टोक धरून ओढायला त्याने हात घातला, ओला टॉवेल हाताला गुंडाळला गेला आणि उजव्या हाताचं हाड कोपराखाली दोन ठिकाणी मोडलं.

मी तेव्हा कारणांचा भाग असा लिहिला होता:

• झाकणाचं लॉक बायपास केलेलं आढळलं.
• ब्रेकचे लायनर झिजलेले आढळले.
• ऑपरेटरने फिरत्या टोपलीत हात घातला.
• प्रशिक्षणाचा अभाव.

चार ओळी. एकही खोटी नाही. साहेबांनी एका मिनिटात वाचून सही केली. चार कारणांना चार उपाय ठरले: लॉक बायपास करायला पॅनेलमध्ये जोडलेली वायर काढून ते पूर्ववत करायचं, लायनरची मागणी टाकायची, ऑपरेटरांना ट्रेनिंग द्यायचं, मशीनवर सूचनेची पाटी लावायची. लॉक त्याच दिवशी सुरू झालं. ट्रेनिंग आठवड्यात झालं. पाटी लागली. लायनर यायचे होते. दीड महिन्याने मी त्या खात्यात फेरी मारली तर पॅनेलमध्ये तीच वायर त्याच जागी पुन्हा जोडलेली होती.

त्या दिवशी मी फिटरला रागावलो नाही. त्याच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, मला सगळं पहिल्यापासून सांग. त्याने जे सांगितलं ते असं: ब्रेक चांगला असताना टोपली दीड मिनिटात थांबायची. लायनर झिजल्यावर तिला साडेचार मिनिटं लागायला लागली. टोपली थांबेपर्यंत लॉक सुटत नाही, म्हणून प्रत्येक खेपेला तीन मिनिटं नुसतं उभं राहावं लागायचं. एका पाळीत वीसेक खेपा होतात, म्हणजे पाळीमागे तासभर गेला. माल पुढे ड्रायरला कमी पडायला लागला, ड्रायरवाले ओरडायला लागले, मुकादमाने फिटरला सांगितलं की लॉकचं काहीतरी कर. फिटरने वायर टाकली.

आता माझ्या चार ओळी पुन्हा बघा. पहिली आणि दुसरी ओळ एकाखाली एक होत्या, जणू शेजारी राहणारी दोन बिऱ्हाडं. प्रत्यक्षात दुसरीमुळे पहिली झाली होती. ब्रेक झिजला म्हणून लॉक बायपास झालं. तो एक "म्हणून" मी लिहिला नाही, कारण मुद्द्यांत तो लिहावा लागत नाही. आणि तो लिहावा लागला नाही म्हणून मी त्याचा शोधही घेतला नाही. लॉक सुरू केलं आणि ब्रेक तसाच ठेवला, तर लोकांवर तोच तासाभराचा दाब पुन्हा येणार आणि वायर पुन्हा लागणार, हे त्या अहवालात कुठूनही दिसत नव्हतं. लायनरची खरेदी हा चारपैकी एक उपाय होता आणि वेळ लागणारा होता, म्हणून तो मागे पडला. खरं तर बाकीचे तिन्ही त्याच्यावर उभे होते.

तोच भाग मी नंतर असा लिहिला:

"हायड्रो क्रमांक २ चे ब्रेक लायनर झिजल्यामुळे टोपली थांबायला दीडऐवजी सुमारे साडेचार मिनिटं लागत होती. मेंटेनन्स रजिस्टरमध्ये 'ब्रेक ढिला' अशी नोंद अपघाताच्या तीन आठवडे आधीची आहे. लायनर स्टोअरमध्ये नव्हते आणि मागणी प्रलंबित होती. टोपली थांबेपर्यंत झाकणाचं लॉक सुटत नसल्याने प्रत्येक खेपेला तीन मिनिटं जादा जात होती आणि ड्रायरला माल कमी पडत होता. म्हणून मुकादमाच्या सांगण्यावरून फिटरने लॉक बायपास केलं. त्यानंतर झाकण कधीही उघडता येत होतं, पण टोपली मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ फिरत होती. अशा स्थितीत फिरत्या टोपलीतून माल काढायला सुरुवात करणं ही या खात्यात रोजची पद्धत झाली होती. अपघाताच्या दिवशी ऑपरेटरने वेगळं काही केलं नाही."

हा परिच्छेद मुद्द्यांपेक्षा बराच लांब आहे. पण शेवटचं वाक्य चार मुद्द्यांतून कधीच निघालं नसतं. मुद्द्यांत "ऑपरेटरने हात घातला" ही ओळ स्वतंत्र उभी राहते आणि वाचणाऱ्याला वाटतं, चूक त्याचीच. परिच्छेदात तीच गोष्ट साखळीची शेवटची कडी म्हणून येते.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात पक्का नियम: कारणांचा भाग परिच्छेदात. मनात शंका असेल तर एक चाचणी करा. तुमचे मुद्दे कागदावर लिहा आणि प्रत्येक दोन मुद्द्यांच्या मध्ये "म्हणून", "तरीही", "तोपर्यंत", "त्याआधीच" यातला कोणता शब्द बसतो ते लिहून बघा. शब्द लगेच सुचला तर परिच्छेद तयार झालाच. सुचला नाही, किंवा दोन वेगवेगळे शब्द सारखेच बसतात असं वाटलं, तर तपास अपुरा आहे. मग लिहिणं थांबवा आणि खात्यात परत जा. मी आजही असंच करतो आणि दर दोन-तीन अहवालांत एकदा तरी मला परत जावं लागतं.

मराठीतल्या मुद्द्यांचा आणखी एक दोष आहे, त्याकडे लक्ष ठेवा. मुद्दा लिहिताना आपलं वाक्य आपोआप "करण्यात आला होता", "आढळून आले", "अभाव होता" इकडे वळतं. "लॉक बायपास करण्यात आलं होतं." कोणी केलं? कोणाच्या सांगण्यावरून? कधी? हे शब्द वापरले की या तिन्ही प्रश्नांतून सुटका होते. आणि "अभाव" हा शब्द तर मी माझ्या अहवालांतून काढूनच टाकलाय. "प्रशिक्षणाचा अभाव", "देखरेखीचा अभाव", "समन्वयाचा अभाव" या ओळी कोणत्याही अपघाताच्या अहवालात चिकटवता येतात, म्हणून त्या कोणत्याच अपघाताबद्दल काही सांगत नाहीत. परिच्छेद लिहायला बसलं की वाक्याला कर्ता लागतो. मुकादमाने सांगितलं, फिटरने वायर जोडली. नावं लिहू नका, हुद्दा लिहा, पण कर्ता लिहा.

आता घटनाक्रम. हा भाग मात्र ओळीओळींतच हवा, आणि मॅनेजर साहेबांइतकाच मी तिथे आग्रही आहे. परिच्छेदात लिहिलेला घटनाक्रम तपासता येत नाही. "त्यानंतर थोड्या वेळाने" असं लिहून आपण दहा मिनिटं गिळून टाकतो. ओळींत लिहिलं की वेळ लिहावीच लागते, आणि दोन वेळांमधली मोकळी जागा डोळ्यात भरते. मी प्रत्येक ओळीला वेळ, घडलेली गोष्ट आणि ती कुठून कळली, एवढंच देतो:

दु. ३.०० – पाळी बदलली. हजेरी यंत्र.
सायं. ५.३८ – सहावी खेप संपली, ऑपरेटरने मोटर बंद केली. सीसीटीव्ही.
५.४० – झाकण उघडलं, टोपली फिरत होती. सीसीटीव्ही.
५.४० – ऑपरेटरचा उजवा हात टॉवेलात गुंतला. सीसीटीव्ही.
५.४० – हेल्परने लाल बटण दाबलं. हेल्परचा जबाब.
५.४२ – टोपली थांबली. सीसीटीव्ही.
५.५५ – जखमीला घेऊन गाडी गेटबाहेर. गेट रजिस्टर.

दुसरी आणि सहावी ओळ एकत्र वाचा. मोटर ५.३८ ला बंद झाली आणि टोपली ५.४२ ला थांबली. ब्रेक गेलाय हे सांगायला इथे कोणाची साक्ष लागत नाही. दोन ओळींतलं अंतरच सांगतं. तसंच लाल बटणाचं. हेल्परने बटण दाबलं पण मोटर आधीच बंद होती, त्यामुळे बटण दाबून काहीच फरक पडला नाही. ही गोष्ट मात्र त्या ओळीतून कळत नाही. नुसती ओळ वाचणाऱ्याला वाटेल की बटण दाबलं, मशीन थांबलं. म्हणून घटनाक्रमाच्या खाली मी दोन-तीन वाक्यांचा एक छोटा परिच्छेद देतो, ज्या ओळीचा अर्थ चुकीचा लागू शकतो तेवढ्यापुरता. घड्याळांचा फरकही तिथेच लिहितो. सीसीटीव्हीचं घड्याळ आणि हजेरी यंत्राचं घड्याळ क्वचितच जुळतं. या घटनेत सीसीटीव्ही सात मिनिटं पुढे होतं. ते न बघता मी वेळा लिहिल्या असत्या तर गाडी निघायला पंधरा नाही, आठच मिनिटं लागली असं दिसलं असतं. दोन्ही यंत्रं एकाच वेळी समोर ठेवून मोबाइलच्या वेळेशी ताडून घ्यायची आणि कोणत्या वेळा किती मिनिटांनी दुरुस्त केल्या ते एका वाक्यात सांगायचं.

घटनाक्रमाच्या ओळीत "कारण", "म्हणून" हे शब्द येऊ देऊ नका. "ऑपरेटरने घाईत झाकण उघडलं" यातला "घाईत" हा तुमचा निष्कर्ष आहे. सीसीटीव्हीत घाई दिसत नाही, झाकण उघडलेलं दिसतं. निष्कर्षाची जागा कारणांच्या परिच्छेदात आहे आणि तिथे तो पुराव्यासकट येतो.

आणखी एक चूक जवळपास प्रत्येक नवीन माणूस करतो. घटनाक्रम पाळी सुरू झाली तिथून किंवा अपघाताच्या पाच मिनिटं आधीपासून सुरू करतो. यादीला कुठेतरी पहिली ओळ लागतेच आणि आपण सोयीची ओळ निवडतो. वरच्या यादीत मी मुद्दाम ती चूक ठेवलीय. खरी पहिली ओळ "तीन आठवड्यांपूर्वी – मेंटेनन्स रजिस्टरमध्ये 'ब्रेक ढिला' अशी नोंद" ही आहे. दुसरी ओळ लायनरच्या मागणीची, तिसरी लॉक बायपास केलं त्या दिवसाची. आधी कारणांचा परिच्छेद कच्चा लिहा, मग त्यातली सगळ्यात जुनी घटना शोधा आणि घटनाक्रम तिथून सुरू करा. म्हणजे छापताना घटनाक्रम आधी येतो, पण तो पक्का होतो नंतर.

जबाबांबद्दल सोलापुरातल्या माणसाला वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे खात्यात निम्मे लोक घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, आणि जबाब मराठीत लिहिला जातो. या ऑपरेटरचा जबाब दवाखान्यात एका क्लार्कने घेतला आणि मुद्द्यांत लिहिला. त्यातला एक मुद्दा होता: "मशीन चालू असताना हात घातला." मी दोन दिवसांनी भेटायला गेलो, बरोबर पाळीतला तेलुगू जाणणारा एक सहकारी नेला. ऑपरेटर जे म्हणत होता ते असं की मशीन मी बंद केलं होतं, ते फिरतच होतं. मराठीत आपण फिरणाऱ्या मशीनला सहज "चालू" म्हणतो, क्लार्कचा हेतू वाईट नव्हता. पण "चालू असताना" या दोन शब्दांनी ज्याने मोटर बंद केली होती तो माणूस बेजबाबदार ठरत होता, आणि ब्रेकचा सगळ्यात थेट पुरावा पुसला जात होता.

म्हणून जबाब कधीही मुद्द्यांत नको. माणूस बोलला त्या क्रमाने, "मी" धरून, सलग लिहायचा. त्याच्या वाक्यातली अडखळ, "नेहमी असंच करतो आम्ही" सारखी वाक्यं तशीच ठेवायची. जबाब कोणत्या भाषेत दिला, मराठीत कोणी सांगितला, आणि लिहिल्यावर त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवला का, हे खाली लिहायचं. मुद्दे करणं म्हणजे काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवणं. जबाबाच्या बाबतीत तो अधिकार लिहिणाऱ्याचा नाही.

उपाययोजनांचा भाग मॅनेजर साहेबांना हवा तसा द्या, मुद्द्यांत, शक्यतो तक्त्यातच. इथे परिच्छेद घातक आहे. "लायनर बदलण्याची कार्यवाही करण्यात येईल तसेच नियमित तपासणीवर भर देण्यात येईल" असं वाक्य परिच्छेदात खपून जातं. तक्त्यात खपत नाही, कारण शेजारचा रकाना विचारतो, कोण आणि कधीपर्यंत. एका ओळीत एकच काम, एकच माणूस, एकच तारीख. "मेंटेनन्स आणि प्रॉडक्शन" असं जबाबदारीच्या रकान्यात आलं की ते काम कोणाचंच राहत नाही. चौथा रकाना मी आवर्जून ठेवतो: झालं हे कशावरून समजायचं. "लायनर बदलले" एवढं तिथे पुरत नाही. "भरलेली टोपली दोन मिनिटांच्या आत थांबते, तीन खेपा घड्याळाने मोजून नोंदवल्या" असं हवं. आणखी एक ओळ आमच्या तक्त्यात आली, ती आधीच्या अहवालात येऊच शकली नसती: लायनर येईपर्यंत ही हायड्रो बंद, माल दुसऱ्या हायड्रोवर, ड्रायरचं त्या पाळीचं टार्गेट त्या प्रमाणात कमी. ही ओळ प्रॉडक्शनच्या माणसाच्या नावावर गेली. "म्हणून" सापडला तेव्हाच ती सुचली.

तक्त्याच्या आधी मात्र तीन-चार वाक्यं लिहा: हेच उपाय का, कोणता आधी आणि कोणता उपाय विचारात घेऊन सोडला. आमच्याकडे कोणीतरी लॉकच्या पॅनेलला कुलूप घालायचं सुचवलं होतं. ब्रेक दुरुस्त न करता नुसतं कुलूप लावलं तर किल्ली मुकादमाकडेच राहणार, म्हणून तो उपाय एकटा घेतला नाही, असं आम्ही लिहिलं. पुढच्या वर्षी नवीन माणूस आला आणि त्यानेही तेच कुलूप सुचवलं, तेव्हा ते वाक्य उपयोगी पडलं.

बाकीचे भाग पटकन सांगतो. सुरुवातीची माहिती, म्हणजे तारीख, वेळ, खातं, मशीन क्रमांक, जखमीचा हुद्दा आणि अनुभव, इजा, उपचार, हे तक्त्यात. त्यावर वेळ घालवू नका. सारांश पाच-सहा वाक्यांचा सलग परिच्छेद, कारण बरेच लोक तेवढंच वाचतात आणि त्यांच्यापर्यंत साखळी पोचायला हवी. तो सगळ्यात शेवटी लिहा. जागेची पाहणी मुद्द्यांत चालते: उजेड, जमिनीवरचं पाणी, पॅनेलची स्थिती, फोटो क्रमांक. या गोष्टी एकमेकींवर अवलंबून नसतात. त्यांचा क्रम उलटापालटा करून वाचा, अर्थ बदलत नाही. कारणांच्या भागात तसं करून बघा, सगळं कोसळतं. तुम्हाला एखाद्या नवीन भागाबद्दल प्रश्न पडला, जो मी इथे घेतला नाही, तर ही उलटापालट करून बघा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. घटनेनंतर पहिल्या काही तासांत जो प्राथमिक निरोप वर जातो तो पूर्ण मुद्द्यांतच असू द्या आणि त्यात कारण लिहूच नका. तेव्हा तुम्हाला ते माहीत नसतं, आणि घाईत लिहिलेलं कारण पुढे पुसता येत नाही. "तपास सुरू आहे" एवढं पुरे. जखमी कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकणार नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कायद्याने सूचना द्यावी लागते. तिचा नमुना ठरलेला असतो, तिथे तुमच्या-माझ्या आवडीचा प्रश्न येत नाही. रकाने आहेत तसे भरा आणि सविस्तर अहवाल वेगळा ठेवा. मात्र नमुन्यातला "अपघात कसा घडला" हा रकाना लहान आहे म्हणून त्यात "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे" असं लिहून मोकळं होऊ नका. दोन पूर्ण वाक्यं तिथे बसतात, मी बसवली आहेत.

इजा न होता टळलेल्या लहान घटना असतील, जमिनीवर तेल सांडलं, ट्रॉलीचं चाक निखळलं, तर पूर्ण अहवालाचा थाट नको. पाच ओळी पुरेत. फक्त त्या पाचांतली एक ओळ पूर्ण वाक्य असू द्या, "कारण"ने जोडलेलं. चाक निखळलं, कारण पिन गेली होती आणि त्या जागी तार बांधली होती. महिन्याला अशी वीस वाक्यं जमली की कोणत्या खात्यात तारा बांधल्या जाताहेत ते दिसायला लागतं.

आणि मोठी घटना असेल, जिथे एकाच वेळी दोन-तीन साखळ्या येऊन मिळतात, जसं आग लागली, तिचं कारण एक आणि ती पसरण्याचं कारण वेगळं, तर एकच भलामोठा परिच्छेद करू नका. प्रत्येक साखळीला एक परिच्छेद, वर तीन-चार शब्दांचं छोटं शीर्षक. "आग कशी लागली", "ती लिंटमधून कशी पसरली", "पाणी उशिरा का आलं". वाचणाऱ्याला हवं ते सापडतं आणि साखळीही तुटत नाही.

मॅनेजर साहेबांचं म्हणाल तर, त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना वेळ नाही हे खरं आहे. मी पहिलं पान त्यांच्यासाठी ठेवतो: वर सारांशाचा परिच्छेद, खाली उपायांचा तक्ता, त्यांची सही तिथेच. कारणं, घटनाक्रम, जबाब मागच्या पानांवर. माझ्या साहेबांनी सुरुवातीला फक्त पहिलं पान वाचलं. मग तक्त्यात "हायड्रो २ बंद, टार्गेट कमी" ही ओळ आली तेव्हा ते चिडले आणि हे कशासाठी ते बघायला त्यांनी पान उलटलं. तो कारणांचा परिच्छेद त्यांनी माझ्यासमोर दोनदा वाचला, मग स्टोअरला फोन लावला. लायनर चौथ्या दिवशी आले. बसवल्यावर भरलेली टोपली मी स्वतः घड्याळ लावून तीनदा मोजली: एक मिनिट चाळीस सेकंद, एक मिनिट पस्तीस, एक मिनिट चाळीस. ते आकडे तक्त्याच्या चौथ्या रकान्यात पेनाने लिहिले आणि मगच ती ओळ बंद केली.